आयसोथर्मल, अ‍ॅडियाबॅटिक की पॉलिट्रॉपिक: कॉम्प्रेसरच्या हिशेबाला कोणतं सूत्र धरावं?

मे महिन्यात माझी भाची अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पंधरा दिवस काम बघायला येत होती. डिप्लोमाचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. कॉम्प्रेसर रूममध्ये उभी राहून तिनं विचारलं, "मामा, वहीत तीन सूत्रं आहेत. या मशीनला त्यातलं कुठलं लावायचं?" देखभालीच्या कामात मलाही हा प्रश्न एकदा सोडवावा लागला होता. मी पॉलिट्रॉपिक, म्हणजे थोडी उष्णता बाहेर जाते असं धरणारं मधलं सूत्र, निवडलं. का निवडलं ते इथे लिहितो. बाकीची दोन्ही चुकीची आहेत असं मात्र मला म्हणायचं नाही.

आमच्याकडे डाइंगचे न्यूमॅटिक व्हॉल्व्ह आणि साफसफाई यांसाठी एक जुना, एका स्टेजचा, पंख्यानं थंड होणारा पिस्टन कॉम्प्रेसर आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणून वातावरणाचा दाब १ बार न धरता ०.९६ बार धरतो. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४२ अंशांनी, म्हणजे ३१५ केल्व्हिनला आत येते. गेजवर पावणेसातच्या आसपास काटा असतो. त्यात वातावरणाचा दाब मिळवला की आतल्या-बाहेरच्या दाबाचं गुणोत्तर r जवळपास ८ येतं. आत येणारी हवा एक घनमीटर धरली तर सुरुवातीचा दाब गुणिले आकारमान, P1V1, म्हणजे ९६ किलोज्यूल. पुढचे सगळे आकडे याच एका घनमीटरचे आहेत. दाबताना वायूनं केलेलं काम ऋण असतं, मी फक्त आकडा देतो.

पहिला धक्का इथेच बसतो. तापमान स्थिर धरून, म्हणजे आयसोथर्मल वाटेनं काम काढलं तर P1V1 ln(r) वरून १९९.६ किलोज्यूल येतं. उष्णता अजिबात बाहेर न सोडता, म्हणजे अ‍ॅडियाबॅटिक वाटेनं, हवेचा अ‍ॅडियाबॅटिक घातांक γ १.४ धरून काढलं तर १९४.७ येतं. भाचीनं दोनदा कॅल्क्युलेटर मारला. अ‍ॅडियाबॅटिकला जास्त काम लागतं असं वर्गात सांगतात, आणि इथे तर ते कमी दिसतंय!

चूक कोणाचीच नाही. वर्गातलं विधान बहुतेक वेळा सारख्या आकारमानापर्यंत दाबण्याचं असतं. इथे आपण सारख्या दाबापर्यंत दाबतोय. गरम हवा लवकर दाब गाठते, त्यामुळे पिस्टनला कमी अंतर जावं लागतं. हवेसाठी दाबाचं हे गुणोत्तर साधारण सव्वानऊच्या पुढे गेलं की मगच अ‍ॅडियाबॅटिकचं काम वरचढ ठरतं. पण कॉम्प्रेसर नुसता दाबून थांबत नाही. तो हवा आत ओढतो आणि शेवटी बाहेर ढकलतो. या ओढण्या-ढकलण्याचा हिशेब धरला की दाबण्याच्या कामाला n नं, म्हणजे PVⁿ स्थिर धरणाऱ्या सूत्रातल्या घातांकानं, गुणावं लागतं. आयसोथर्मलला n १ आहे, म्हणून १९९.६ तसंच राहतं. अ‍ॅडियाबॅटिकचं १९४.७ गुणिले १.४, म्हणजे २७२.६ होतं. मिनिटाला एक घनमीटर हवा हवी असेल तर एकाच्या मते ३.३ किलोवॅट लागतील आणि दुसऱ्याच्या मते साडेचार.

या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी खरा आकडा आहे एवढ्यावर मी बरीच वर्षं भागवलं. मोटर निवडायची तर अ‍ॅडियाबॅटिकचा आकडा धरावा, थोडी जादा ताकद हाताशी राहते. वाया किती जातं हे बघायचं तर आयसोथर्मलशी तुलना करावी, कारण तो तळ आहे. आजही या दोन कामांसाठी मी तीच सूत्रं वापरतो आणि वापरावीत असंच सांगेन.

मला खटकली ती तापमानाची गोष्ट. डिस्चार्ज व्हॉल्व्हची प्लेट उघडली की दर वेळी तिच्यावर तव्याच्या बुडासारखा काळा, कडक थर सापडायचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं खरवडला की पापुद्र्यांनी निघायचा. तेल जळत होतं. कोणतं तेल घालावं, प्लेट किती दिवसांनी साफ करावी आणि पुढचा आफ्टरकूलर किती मोठा घ्यावा, हे ठरवायला सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान लागतं. आयसोथर्मलचं उत्तर ४२ अंश. म्हणजे थर बसायलाच नको आणि कूलरही नको. अ‍ॅडियाबॅटिकचं उत्तर २९८ अंश. मी व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर पाइपात थर्मोवेल बसवून आत थर्मोकपल घातलं. पाइपावर बाहेरून लेझर गन मारू नका, चकचकीत पाइपावर ती कमीच दाखवते. तर थर्मोकपलनं दाखवले २०४ अंश. पुस्तकातली दोन्ही टोकं शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंशांनी चुकलेली. विजेच्या हिशेबात मधला आकडा धरून चालतं. तेल आणि कूलर निवडताना तेवढ्यावर भागत नाही.

त्या २०४ वरूनच n निघतो. (n-1)/n = ln(T2/T1)/ln(r), तापमानं केल्व्हिनमध्ये. ४७७ ला ३१५ नं भागून लॉग घेतला, ८ च्या लॉगनं भागला, तर ०.२ येतं आणि n होतो १.२५. दाबण्याचं काम १९८, ओढण्या-ढकलण्यासकट २४७.५ किलोज्यूल.

आता मला या वाटेची आवडलेली गोष्ट. दाबण्याच्या कामातला उष्णता होऊन सिलिंडरच्या भिंतीतून निघून जाणारा वाटा (γ-n)/(γ-1) इतका असतो. n ला १ ठेवा, वाटा पूर्ण १ येतो: सगळं काम उष्णता होऊन बाहेर, तापमान जागचं हलत नाही, हेच आयसोथर्मल. n ला γ ठेवा, वाटा शून्य: सगळं हवेतच साठतं, हेच अ‍ॅडियाबॅटिक. आमच्या १.२५ ला तो ०.१५ भागिले ०.४, म्हणजे तीन-अष्टमांश येतो. रुपयातले बरोबर सहा आणे पंख्याच्या वाऱ्यावर जातात आणि दहा आणे हवा गरम करतात. १९८ पैकी सुमारे ७४ किलोज्यूल सिलिंडरच्या फिन्समधून गेले. २४७.५ मधले उरलेले १७३ पुढे आफ्टरकूलरनं काढायचे, हवा पुन्हा ४२ वर आणायची असेल तर. अ‍ॅडियाबॅटिक धरून कूलर घेतला असता तर तो २७३ किलोज्यूलसाठी घ्यावा लागला असता. आयसोथर्मल धरलं असतं तर घेतलाच नसता.

पॉलिट्रॉपिकची एक अडचण आहे आणि ती भाचीनं लगेच पकडली. (P1V1-P2V2)/(n-1) मध्ये n १ घातला की वरही शून्य, खालीही शून्य. शीटमध्ये #DIV/0! येतं. "मग हे आयसोथर्मलला जोडलेलं कसं, मामा?" मी तिला n हळूहळू खाली आणायला सांगितलं. १.१ ला १९९.८, १.०१ ला १९९.७, १.००१ ला १९९.६३. लॉगचं सूत्र देतं तेही १९९.६३. r चा घात शून्याकडे सरकताना त्या अपूर्णांकातून लॉगच बाहेर येतो, दोन सूत्रं वेगळी दिसली तरी एकाच रेषेवरची आहेत. पण १ च्या अगदीच जवळ गेलात तर दोन जवळपास सारख्या संख्यांच्या वजाबाकीत शीटचे अंक गळतात, म्हणून तिथे लॉगच वापरायचा. माझ्या शीटमध्ये B1 ला P1V1, B2 ला गुणोत्तर, B3 ला n आहे:

```
=IF(ABS(B3-1)<1E-6, B1*LN(B2), B1*(B2^((B3-1)/B3)-1)/(B3-1))
```

मर्यादाही सांगायला हव्यात. n हा एका स्ट्रोकभर स्थिर नसतो. सुरुवातीला थंड हवा गरम भिंतीकडून उष्णता घेते आणि नंतर तीच भिंतीला देते. १.२५ ही दोन टोकं जोडणारी सरासरी वाट आहे. आणि तेल फवारणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरला ही युक्ती लावू नका. तिथे हवा ९० अंशांच्या आसपास बाहेर येते, त्यावरून n १.०७ निघतो आणि मशीन जवळजवळ आयसोथर्मल आहे असं वाटतं. पण थंड करण्याचं काम तेल करतं. गळती आणि घर्षण यांत लागलेली ताकद या आकड्यात दिसतच नाही. वीज किती लागते ते तिथे मीटरवरच बघावं. अति जलद प्रक्रियेत अ‍ॅडियाबॅटिकच बरोबर ठरतं, यातही वाद नाही. हवेतल्या ध्वनीचा वेग शून्य अंशाला आयसोथर्मल धरून २८० मीटर प्रति सेकंद येतो आणि अ‍ॅडियाबॅटिक धरून ३३१. मोजला तर ३३१ च भरतो.

तरीही पिस्टन मशीनजवळ रोज उभं राहायचं असेल तर मी n कडे झुकतो, आणि त्याला एक कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात मी दर सोमवारी दुपारी दाब आणि दोन्ही तापमानं वहीत टिपून n काढत होतो. १.२५, १.२५, १.२६, आणि मग एका सोमवारी दाब आणि आतलं तापमान तेच असताना डिस्चार्ज २३१ अंश. n १.२९. आवाजात फरक नव्हता, टाकी भरायला किंचित जास्त वेळ लागत होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. फिन्सवर रुई बसली असेल म्हणून आधी त्या साफ केल्या, फरक पडला नाही. मग हेड उघडलं. डिस्चार्जची प्लेट एका कडेला चिरली होती. बाहेर गेलेली गरम हवा तिथून परत सिलिंडरमध्ये शिरत होती आणि दुसऱ्यांदा दाबली जात होती. प्लेट बदलली, दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मोकपलवर २०६ दिसले. भाचीनं वहीतलं ते पान बघितलं आणि खाली त्या आठवड्याचा n स्वतः काढून लिहिला.