फोटोवरून ओळखलेला जुना राऊटर फायबरवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मावशीकडे फायबर ब्रॉडबँड घेऊन आता बरेच महिने झाले. राऊटर नवा घेतला नव्हता. कपाटात टीपी-लिंकचा आर्चर सी५० पडून होता, तोच लावला. तो चालेल का आणि कुठल्या प्लॅनला चालेल, हे मी राजारामपुरीत बसून व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून ठरवलं होतं. माझं मत आधीच सांगते. १०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला हा राऊटर अगदी छान चालतो. त्यावरच्या प्लॅनचे पैसे मात्र त्याच्यामुळे वाया जातात. घरात जुना राऊटर असलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मावशीनं पहिला फोटो समोरून काढून पाठवला. काळा डबा, चार अँटेना, वर कंपनीचं नाव. अशा फोटोवरून अंदाज बांधू नका. याच कंपनीचा आर्चर सी६ सुद्धा काळा आहे, त्यालाही बाहेर चार अँटेना आहेत, आणि वायफायचा वर्गही दोघांचा एकच, एसी१२००. पण तारेच्या पोर्टांचा वेग एकाचा दुसऱ्याच्या दहापट आहे. समोरून पाहून हा फरक कुणालाच सांगता येणार नाही.

मी तिला म्हटलं, "मावशी, डबा उलटा कर आणि खालच्या स्टिकरचा फोटो काढ. मग मागची भोकं दिसतील असा एक काढ." स्टिकरचा पहिला फोटो फ्लॅशमुळे पांढराफटक आला. स्टिकर गुळगुळीत असतो आणि अक्षरं बारीक असतात, त्यामुळे फ्लॅश बंद करून, खिडकीजवळ, मोबाइल थोडा तिरका धरून फोटो काढावा लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडायचं, नाहीतर फोटो दाबला जातो आणि तीन आहे की आठ हेच कळत नाही. आणखी एक महत्त्वाचं: त्याच स्टिकरवर वायफायचा मूळ पासवर्ड छापलेला असतो. घरच्या माणसाला फोटो पाठवणं वेगळं, पण दुकानदाराला किंवा एखाद्या ग्रुपवर पाठवताना ती ओळ कागदाच्या तुकड्यानं झाका.

स्टिकरवर दोन गोष्टी वाचायच्या. एक, मॉडेलचं नाव, इथं `Archer C50`. दुसरी, त्याच्या आसपास छापलेली हार्डवेअरची आवृत्ती, इथं `Ver: 4.0`. आवृत्तीकडे लोक बघतच नाहीत. पण एकाच नावाखाली कंपन्या आतली चिप, अँटेना, कधी यूएसबी पोर्टसुद्धा बदलतात, आणि एका आवृत्तीचं फर्मवेअर दुसरीवर टाकलं तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो. स्टिकर झिजला असेल तर राऊटर चालू करून मोबाइल त्याच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये `tplinkwifi.net` उघडा. आतल्या पानावर हार्डवेअरची आवृत्ती लिहिलेली असते. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राचा ओळख क्रमांक, पण त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून फक्त कंपनी कळते, मॉडेल नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

नाव आणि आवृत्ती हातात आली की कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या माहितीत एकच ओळ शोधायची: पोर्ट कुठले आहेत. सी५० ला बाहेरून नेट आत घेणारं एक वॅन पोर्ट आणि घरातली यंत्रं तारेनं जोडायला चार लॅन पोर्ट आहेत, आणि पाचही `10/100 Mbps` आहेत. जिथं `10/100/1000` किंवा गिगाबिट लिहिलेलं असतं, तो राऊटर १०० च्या वर जाऊ शकतो. सी६ च्या माहितीत गिगाबिट आहे.

इथंच सगळ्यात जास्त गैरसमज होतो, म्हणून जरा थांबते. एसी१२०० मधले १२०० म्हणजे दोन बँडच्या वायफायची बेरीज: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, मिळून सुमारे १२००. हा आकडा मोबाइल आणि राऊटर यांच्यातल्या हवेतल्या जोडणीचा आहे, आणि तोही कागदावरचा. इंटरनेट मात्र राऊटरमध्ये वॅन पोर्टच्या तारेतून येतं. ते पोर्ट १०० चं असेल तर हवेत कितीही जागा असो, आत येणार १०० च. दारातून माणसं एकेक करूनच येत असतील तर आतलं मैदान मोठं असून काय उपयोग?

मागच्या बाजूचा फोटोही तितकाच कामाचा ठरला. वॅनचं भोक वेगळ्या रंगाचं आणि बाकी चार एका रंगाचे, म्हणजे हा नुसता राऊटर, फायबरच्या डब्यामागे सरळ लागणारा. पूर्वीच्या टेलिफोन लाइनच्या ब्रॉडबँडचे मॉडेम-राऊटर असतात, त्यांना टेलिफोनची अरुंद पिन बसेल असं एक भोक असतं आणि त्यावर `DSL` किंवा `LINE` लिहिलेलं असतं. वेगळं वॅन भोक नसलेला असा डबा फायबरवर राऊटर म्हणून वापरायला जाऊ नका. काहींमध्ये एका लॅन पोर्टला वॅन करायची सोय असते, पण ती त्या मॉडेलच्या माहितीत लिहिलेली असेल तरच धरायची.

आणि फायबरची बारीक तार या कुठल्याच भोकात जात नाही. ती हिरव्या टोकाची तार ओएनटी नावाच्या डब्यात जाते. तो डबा प्रकाशाचा सिग्नल तारेच्या इथरनेटमध्ये बदलतो. ओएनटी नेट देणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावा, कारण त्याचा सिरियल नंबर किंवा मॅक त्यांच्याकडे नोंदवल्याशिवाय लाइन चालू होत नाही. राऊटर मात्र आपला चालतो. त्यामुळे "हा राऊटर फायबरला चालतो का?" हा प्रश्न अर्धवट आहे. वॅन पोर्ट असलेला आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू करायची पद्धत, जमणारा जवळजवळ कुठलाही राऊटर चालतो. विचारायचं ते, कुठल्या वेगाच्या प्लॅनला.

मी मावशीला १०० चा प्लॅन घ्यायला सांगितलं, आणि २०० चा घेणार असशील तर राऊटर बदल, हेही तेव्हाच सांगून ठेवलं. जोडायला आलेल्या मुलानं ओएनटी भिंतीला लावला. त्याच्या गिगाबिट पोर्टातून सी५० च्या वॅनमध्ये तार घातली आणि राऊटरमध्ये पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड टाकलं. पहिल्यांदा नेट आलं नाही, कारण आधी टेस्टिंगला लावलेल्या त्याच्या लॅपटॉपचा मॅक खात्याला बांधला गेला होता. त्यानं ऑफिसला फोन करून तो सोडवून घेतला आणि लगेच चालू झालं. तुमच्याकडे लाइनचा दिवा हिरवा आणि नेट नाही असं झालं तर हे आधी विचारा.

पुढचे महिने या राऊटरनं तक्रारीला जागा दिली नाही. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर स्पीडटेस्ट नव्वदच्या वर जायची. पेठेतलं जुनं घर, भिंती जाड. मागच्या स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झ पोचत नव्हतं, मोबाइल आपोआप २.४ वर जायचा आणि वेग निम्म्याखाली यायचा. आसपासच्या सगळ्या घरांचं वायफाय त्याच बँडवर असतं, त्यामुळे तिथं याहून जास्त अपेक्षा धरू नये. पावसाळ्यात लाइट जायची तेव्हा छोट्या यूपीएसवर दोन्ही डबे चालले. फक्त लक्षात ठेवा, तिथला ओएनटी १२ व्होल्टचा आणि राऊटर ९ व्होल्टचा. पिना सारख्या दिसतात म्हणून अदलाबदल करायची नाही. व्होल्टचा आकडाही त्याच खालच्या स्टिकरवर असतो.

मग मावसभाऊ घरून काम करायला आला आणि त्यानं प्लॅन २०० चा केला. वेग काही बदलला नाही. तारेनं लॅपटॉप राऊटरला जोडला तरी ९३-९४, सकाळी, दुपारी, मध्यरात्री, कधीही. हा आकडा नीट बघा. १०० एमबीपीएसच्या पोर्टावर डेटाच्या प्रत्येक पाकिटामागे पत्ते वगैरेंचा ठरलेला भार जातो आणि आपल्या हातात साधारण ९४ उरतात. कंपनीची लाइन कमी पडत असेल तर वेग वर-खाली होतो, रात्री उतरतो. पोर्ट अडवत असेल तर तो ९४ ला सपाट टेकून राहतो.

तरी खात्री केली. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप सरळ ओएनटीला जोडला, त्यावर पीपीपीओई टाकलं, आणि जवळपास २०० आले. म्हणजे लाइन नीट आहे आणि अडतंय ते राऊटरपाशी. हे करताना लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायची. तिथं `1000/1000 (Mbps)` दिसलं पाहिजे. गिगाबिट पोर्ट असूनही `100/100` दिसत असेल तर दोष बहुधा तारेचा असतो. गिगाबिटला तारेतल्या आठही वायरी लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी वायर पिनमध्ये नीट दाबली गेली नसेल तर जोडणी मुकाट्यानं १०० वर उतरते. नवा राऊटर आणायच्या आधी तार बदलून बघा, ती फार स्वस्त पडते.

शेवटी भावानं आर्चर सी६ आणला. दुकानातसुद्धा खोक्यावरच्या १२०० कडे न बघता गिगाबिट हा शब्द आणि आवृत्ती वाचूनच घेतला. मूळच्याच तारेवर, पुढच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर मोबाइलला १८०-१९० यायला लागले. स्वयंपाकघरात मात्र फारसा फरक पडला नाही, कारण भिंती त्याच आणि वायफायचा वर्गही तोच. कोपऱ्यात रेंज येत नाही म्हणून कुणी गिगाबिट राऊटर घेणार असेल तर घेऊ नये, ते दुखणं वेगळं आहे.

सी५० आता वरच्या मजल्यावर आहे. सी६ च्या लॅनमधून तार नेऊन सी५० च्याही लॅनमध्येच घातली, वॅन मोकळं ठेवलं. त्याचा डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-टीव्हीला पत्ते वाटायचं काम, बंद केलं आणि पत्ता `192.168.0.2` केला, म्हणजे दोन राऊटर एकाच पत्त्यावरून भांडत नाहीत. वर वेग ९४ च्या पुढे जात नाही. पण वर एक टीव्ही आणि मावशीचा मोबाइल एवढंच आहे, आणि फोर-के चित्रालासुद्धा साधारण २५ एमबीपीएस पुरतात.