सीओपीची गणितं: दोन सूत्रं बरी की एक गुणोत्तर?

फ्रिज आणि हीट पंपाची गणितं सोडवायचे दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा. सीओपी म्हणजे दिलेल्या कामाच्या किती पट उष्णता हलते तो आकडा. दोन तापमानं त्याच्या सूत्रात टाकायची, आलेल्या आकड्याने कामाला गुणायचं, उष्णता मिळते. दुसरा रस्ता सीओपीकडे वळतच नाही. तो उष्णता भागिले तापमान या गुणोत्तरावरून सरळ उत्तराला जातो. दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे खरं कोण आणि खोटं कोण हा वादच नाही. पेपरात वेळ कमी असताना, किंवा एखाद्या मशीनबद्दलचा दावा पडताळताना, हाताला कोणती सवय असावी एवढंच ठरवायचं आहे. मी डिप्लोमाच्या मुलांना हा विषय शिकवतो आणि अलीकडे दुसऱ्या रस्त्याने शिकवतो. पण पहिल्याची बाजूही कमी नाही, तीही सांगतो.

एकच उदाहरण धरू. नाशिककडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आत ०° सेल्सिअस ठेवायचं आहे, बाहेर उन्हाळ्याचे ४०°. कंप्रेसरला २ किलोवॅट मिळतात. आदर्श, म्हणजे कार्नो चक्रावर चालणारं मशीन असेल तर आतून किती उष्णता निघेल आणि बाहेर किती फेकली जाईल? केल्विनमध्ये तापमानं २७३ आणि ३१३.

सूत्रांचा रस्ता असा. T_L थंड बाजूचं तापमान, T_H गरम बाजूचं, R म्हणजे फ्रिज आणि HP म्हणजे हीट पंप:

```
COP_R  = T_L / (T_H - T_L)
COP_HP = T_H / (T_H - T_L)
```

२७३ भागिले ४० म्हणजे ६.८२५. त्याला २ ने गुणलं की आतून निघणारी उष्णता १३.६५ किलोवॅट. त्यात कामाचे २ मिळवले की बाहेर जाणारी १५.६५. हेच मशीन हीट पंप म्हणून पाहिलं तर सीओपी ७.८२५, आणि बाहेर जाणारी उष्णता पुन्हा १५.६५. सगळं स्वच्छ जुळतं.

गुणोत्तराचा रस्ता एका ओळीचा आहे. Q म्हणजे उष्णता, W म्हणजे काम:

```
Q_L / T_L = Q_H / T_H = W / (T_H - T_L)
```

२ भागिले ४० म्हणजे ०.०५. हा आकडा एकदा हातात आला की पुढे फक्त गुणाकार. २७३ ने गुणा, १३.६५ आले. ३१३ ने गुणा, १५.६५ आले. फ्रिज की हीट पंप हे विचारायची वेळच येत नाही, कारण प्रत्येक उष्णता आपापल्या बाजूच्या तापमानाशी बांधलेली आहे. थंड बाजूच्या उष्णतेला थंड तापमान, गरम बाजूच्या उष्णतेला गरम तापमान, आणि कामाला दोन तापमानांतला फरक. ०.०५ हा आकडाही नुसता सोयीचा नाही. दर सेकंदाला थंड बाजूकडून उचलून गरम बाजूला दिलेली ती एन्ट्रॉपी आहे, किलोवॅट प्रति केल्विनमध्ये. क्लॉसियसने १८६५ साली एन्ट्रॉपीला नाव दिलं ते याच भागाकारावरून.

इथवर पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतील, आणि साध्या गणितात ते सारखेच आहेत. माझं मत बदललं ते एका त्रासामुळे.

फ्रिजचा आणि हीट पंपाचा सीओपी यांत नेहमी बरोबर १ चा फरक असतो. ऐकायला हे सोपं आणि लक्षात ठेवायला छान. पण याच कारणाने अंशात चुकीचं तापमान पडलं तर उत्तर जेमतेम हलतं, आणि ६.८ च्या जागी ७.८ आलेलं डोळ्याला खटकत नाही. सेल्सिअस तसंच घातलं तर या उदाहरणात शून्य भागिले चाळीस येतं आणि विद्यार्थी आपणहून थांबतो. अंशाची अदलाबदल मात्र कुणाला थांबवत नाही. पेपर तपासताना मला हीच चूक सर्वांत जास्त दिसते, आणि हुशार मुलांच्या पेपरात तर जास्तच, कारण त्यांना दोन्ही सूत्रं पाठ असतात.

आता हा प्रश्न बघा. एक उत्पादक म्हणतो, बाहेर ४०° आणि आत ०° असताना आमचं मशीन २ किलोवॅटवर १५ किलोवॅट उष्णता आतून काढतं. शक्य आहे का? दाव्याचा सीओपी १५ भागिले २ म्हणजे ७.५. फ्रिजची मर्यादा ६.८२५, म्हणजे अशक्य. पण घाईत कुणी हीट पंपाचं सूत्र लावलं तर मर्यादा ७.८२५ येते, ७.५ त्याच्या आत बसतात, आणि विद्यार्थी शांतपणे ‘शक्य आहे’ लिहून पुढे जातो. निष्कर्ष पार उलटा, आणि पानावर त्याची खूण कुठेच नाही.

गुणोत्तराने पाहू. आतून १५, बाहेर १५ अधिक २ म्हणजे १७. थंड बाजूला १५ भागिले २७३, ०.०५४९. गरम बाजूला १७ भागिले ३१३, ०.०५४३. बाहेर टाकलेली एन्ट्रॉपी आतून उचललेल्यापेक्षा कमी पडली. विश्वातली एन्ट्रॉपी घटवणारं मशीन थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाला मान्य नाही, म्हणून दावा खोटा. इथे सूत्र निवडावंच लागलं नाही, तेव्हा चुकीचं निवडण्याचा धोकाही नाही. कुणी चुकून तापमानं उलटी लावली तर १५ भागिले ३१३ आणि १७ भागिले २७३ लिहिताना हात अडखळतो, निदान माझ्या मुलांचा अडखळलेला मी पाहिला आहे. थंड बाजूची उष्णता गरम तापमानाखाली मांडलेली दिसते तरी. सूत्रात अदलाबदल दिसतच नाही.

खऱ्या मशीनच्या गणितात हा फायदा आणखी वाढतो. समजा तेच कोल्ड स्टोरेज २ किलोवॅटवर आतून ७ किलोवॅट काढतं. सीओपी ३.५. सूत्रवाला ३.५ ला ६.८२५ ने भागून सांगेल की मशीन आदर्शाच्या ५१ टक्के आहे. बरोबर आहे. गुणोत्तरवाला काय म्हणेल? बाहेर ९ भागिले ३१३, म्हणजे ०.०२८७५. आतून ७ भागिले २७३, म्हणजे ०.०२५६४. फरक ०.००३११. ही मशीनने स्वतः तयार केलेली एन्ट्रॉपी. तिला बाहेरच्या ३१३ ने गुणलं की ०.९७ किलोवॅट येतात. म्हणजे २ पैकी जवळजवळ १ किलोवॅट घर्षण, अपुरे कॉइल आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांत वाया गेला. पडताळा हवा असेल तर ७ ला ६.८२५ ने भागा. आदर्श मशीनला १.०३ किलोवॅट पुरले असते, आणि १.०३ अधिक ०.९७ म्हणजे २. ‘५१ टक्के’ पेक्षा ‘एक किलोवॅट वाया’ हे उत्तर मला जास्त कामाचं वाटतं, कारण विजेचं बिल किलोवॅट-तासांच्या हिशेबाने येतं.

आता सूत्रांची बाजू. ज्या प्रश्नात उष्णता विचारलेलीच नाही, फक्त सीओपी हवा आहे, तिथे गुणोत्तर मांडत बसणं म्हणजे उगाच वळसा. बहुपर्यायी प्रश्नात सूत्र हमखास आधी पोचतं. आणि ‘खरा सीओपी कार्नोच्या ४० टक्के आहे’ अशा प्रश्नांची भाषाच सूत्राची असते. घरात २०°, बाहेर उणे ५°, हीट पंपाने घराला १० किलोवॅट द्यायचे. २९३ भागिले २५ म्हणजे ११.७२, त्याचे ४० टक्के ४.६९, म्हणून काम २.१३ किलोवॅट. तीन पायऱ्यांत सुटलं. गुणोत्तरानेही जमतं. १० भागिले २९३ गुणिले २५ म्हणजे आदर्श काम ०.८५३, त्याला ०.४ ने भागा. पण इथे ते जास्त चांगलं आहे असं मी म्हणणार नाही.

फक्त त्या ४० टक्क्यांकडे नीट बघा. ते हीट पंपाच्या सीओपीचे ४० टक्के आहेत. तेच मशीन फ्रिज म्हणून मोजलं तर सीओपी ३.६९, आदर्श १०.७२, आणि टक्केवारी ३४ वर येते. मशीन एकच, टक्के दोन. टक्केवारी दिली असेल तर ती कुठल्या सीओपीची आहे हे प्रश्नातच शोधायचं, मनाने ठरवायचं नाही.

दोन्ही रस्त्यांना सारखीच लागू असलेली एक अडचण तापमानांची आहे. प्रश्नात खोलीची आणि हवेची तापमानं दिली आहेत की इव्हॅपरेटर आणि कंडेन्सरची? उष्णता आत यायला इव्हॅपरेटर खोलीपेक्षा थंड लागतो, बाहेर जायला कंडेन्सर हवेपेक्षा गरम. आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये हे दोन्हीकडे १० अंशांचं अंतर धरलं तर तापमानं उणे १०° आणि ५०° होतात. २६३ भागिले ६० म्हणजे ४.३८. आदर्श सीओपी ६.८ वरून इतका खाली येतो, आणि अजून कंप्रेसरचं घर्षण मोजलेलंही नाही. दोन्ही प्रकारची तापमानं एकाच प्रश्नात दिली असतील तर परीक्षकाने मुद्दाम दिली आहेत असं समजा.

एवढ्यावर माझा कौल कुठे झुकतो ते कळलंच असेल. तरी तुमच्या परीक्षेत एका मार्काचे प्रश्नच जास्त येत असतील तर सूत्रांवर राहायला माझी हरकत नाही. मात्र दावा तपासा, वाया गेलेलं काम काढा किंवा तापमान शोधा असे प्रश्न येत असतील तर गुणोत्तराची सवय लावा. शेवटच्या प्रकाराचं एक गणित दोन्हींनी सोडवून बघा. बाहेर ४०°, काम २ किलोवॅट, आतून १० किलोवॅट काढायचे. जास्तीत जास्त किती थंड करता येईल? सूत्राने ५ बरोबर T भागिले ३१३ वजा T, मग तिरकस गुणाकार, T एका बाजूला आणणं, भागाकार. गुणोत्तराने आत १०, बाहेर १२, म्हणून ३१३ चे बारा भागांतले दहा. २६०.८ केल्विन, म्हणजे उणे १२° च्या जवळपास.