आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही

बिल्डिंगच्या मजबुतीच्या ऑडिट रिपोर्टच्या ४१व्या पानावर फोटो होता, खाली ओळ: "लिफ्ट मशीन रूमच्या स्लॅबला तडे." आमची बिल्डिंग तळमजला अधिक चार, १९८७ची, मुलुंडमधली. लिफ्ट कधी नव्हतीच. चौथ्या मजल्यावरच्या काकू गेली ३५ वर्षं गुडघे धरून जिने चढताहेत. पण हा फोटो आमच्या लक्षात आला तेव्हा ३ लाख ८० हजारांचा चेक वटून गेला होता, आणि त्या चेकवर सोसायटीचा खजिनदार म्हणून माझी सही होती.

बिल्डिंगला ३० वर्षं उलटली की महापालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आम्ही तीन कोटेशन मागवली आणि सर्वांत स्वस्त घेतलं. दोन पोरं आली, दीड दिवस फिरली आणि तीन आठवड्यांनी ९६ पानांचा स्पायरल बाइंड रिपोर्ट आला. निष्कर्ष असा की २८च्या २८ कॉलमना आरसीसी जॅकेटिंग करा, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवा, एकूण खर्च ३८ लाख. कन्सल्टंट मीटिंगला स्वतः हजर होता. "मी सी-१ लिहू शकलो असतो, तुमच्यासाठी सी-२ए लिहिलंय," असं तो म्हणाला. सी-१ म्हणजे घर खाली करून बिल्डिंग पाडायची, सी-२ए म्हणजे घरं खाली करून किंवा थोडं पाडून मोठी दुरुस्ती. सभागृहात चिडीचूप. कॉन्ट्रॅक्टरही त्यानेच सुचवला आणि १० टक्के ॲडव्हान्सही त्याच बैठकीत मंजूर झाला.

कॉन्ट्रॅक्टरने पुढच्या बाजूला परांची बांधली, थोडं प्लास्टर फोडलं आणि लगेच "एक्स्ट्रा आयटम"ची यादी पाठवली. तेव्हा कुठे आम्ही दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्यांनी रिपोर्ट शेवटच्या पानापासून उलटा वाचायला घेतला. शिफारस काय, ती कोणत्या निष्कर्षावर उभी आहे, तो निष्कर्ष कोणत्या रीडिंगवर, आणि ते रीडिंग नेमकं कुठे घेतलं? आमच्या रिपोर्टमधली साखळी दुसऱ्याच पायरीवर तुटली. कॉलमना नंबर होते, पण कोणता नंबर कुठे आहे हे दाखवणारा नकाशाच जोडलेला नव्हता.

मग मॅडम हाफ-सेलच्या तक्त्यावर आल्या. लोखंड गंजतंय की नाही याचा अंदाज देणारी ही चाचणी. वायरचं एक टोक आतल्या सळईला जोडतात, दुसऱ्या टोकाचा तांबं-मोरचूदवाला इलेक्ट्रोड ओल्या काँक्रीटवर टेकवतात. म्हणजे निदान एका ठिकाणी तरी प्लास्टर आणि काँक्रीट फोडून सळई उघडी करावीच लागते. "फोडलं कुठे होतं?" मॅडमनी विचारलं. कुठेच नाही. तरीही ४० रीडिंग छापली होती, सगळी उणे ३६० ते उणे ३९० मिलिव्होल्टमध्ये. उणे ३५०च्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात, म्हणून सगळे आकडे त्या रेषेच्या जरासे पलीकडे बसवलेले. मॅडम म्हणाल्या, "खऱ्या बिल्डिंगमध्ये एकाच कॉलमवर एवढे एकसारखे आकडे येत नाहीत, आणि इथे पाच मजले एकसारखे?"

काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवणाऱ्या अल्ट्रासॉनिक चाचणीचंही तेच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाहेरच्या कॉलमची रीडिंग "डायरेक्ट" पद्धतीने घेतल्याचं लिहिलं होतं. त्यासाठी एक प्रोब एका बाजूला आणि दुसरा बरोबर समोरच्या बाजूला लागतो. ते कॉलम भिंतीत दडलेले, त्यांची एक बाजू हवेत. परांचीशिवाय तिथे प्रोब धरायला माणूस लटकला कशावर? आणि ज्या फ्लॅटचं रीडिंग होतं, ते कुटुंब तेव्हा गावी होतं, दाराला कुलूप.

यानंतर मॅडमनी स्वतः ऑडिट केलं. रिपोर्ट कसा असावा हे मला पार्किंगमधल्या सी-७ कॉलमच्या पानावर कळलं. आधीच्या रिपोर्टमध्ये त्याच्यासाठी एवढंच होतं: "खराब, जॅकेटिंग करा." नव्यात नकाशावर त्याची जागा, चारही बाजूंचे टेप धरून काढलेले फोटो आणि "दिसलं", "मोजलं", "अनुमान" असे तीन वेगळे परिच्छेद. दिसलं ते असं: ड्रेनेज पाइपकडच्या कोपऱ्यात उभी चीर, काँक्रीट फुगलेलं, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज. मोजलं ते माझ्यासमोरच. कोपरा फोडून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारलं. निरोगी भाग लगेच गुलाबी झाला, बाहेरचा ३५ मिलिमीटरचा थर तसाच राखाडी राहिला. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर होतं २८ मिलिमीटर. म्हणजे काँक्रीटचं संरक्षण सळईपर्यंत संपलेलं. त्या कोपऱ्यातली २० मिलिमीटरची सळई घासून साफ केल्यावर १८.६ भरली, क्षेत्रफळात सुमारे साडेतेरा टक्के घट. बाकीच्या तीन कोपऱ्यांत घट जवळपास नाही. अनुमान: गळका पाइप हे मुख्य कारण, नुकसान एका कोपऱ्यापुरतं. शिफारसही त्याच क्रमाने. आधी पाइप बदला, मग सुटं काँक्रीट काढून सळई साफ करा, जोडसळई द्या आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. जॅकेटिंग नको, आणि का नको त्याचं लोडचं गणित परिशिष्टात.

हॅमर टेस्टबद्दल, म्हणजे स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवरून किती उसळतो ते पाहून ताकद सांगणाऱ्या चाचणीबद्दल, त्यांनी एक सूचना मुद्दाम रिपोर्टमध्ये लिहिली. कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हातोडा ताकद जास्त दाखवतो. म्हणून त्या आकड्यांवर ताकद ठरवलेली नाही, ते फक्त कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने, कुठून काढायचे हे निवडायला वापरले. तीन कोअरचे निकाल घनाच्या ताकदीच्या हिशेबात दर चौरस मिलिमीटरला १६.२, १५.८ आणि १८.४ न्यूटन आले, सरासरी १६.८. मूळ नकाशावर एम-१५, म्हणजे १५ न्यूटन ताकदीचं, काँक्रीट लिहिलेलं. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे सरासरी निदान ८५ टक्के, म्हणजे १२.७५ हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ११.२५च्या खाली नको. कसोटी आधी लिहिली, निकाल नंतर. असं असलं की कोणी "तुम्ही मनाने ठरवलं" म्हणू शकत नाही.

मला सर्वांत आवडलं ते मर्यादांचं अर्धं पान. कोणते सहा फ्लॅट बंद होते, पीओपीच्या छतामुळे कोणते स्लॅब दिसले नाहीत, पाया उघडून पाहिलेला नाही, हे सगळं सरळ लिहिलेलं. पहिल्या रिपोर्टमध्ये मर्यादा नव्हत्याच. त्याला म्हणे सगळं दिसलं होतं, आमची लिफ्टसुद्धा.

नवा निकाल: सी-२बी, घरं खाली न करता दुरुस्ती. जॅकेटिंग २८ नव्हे, ५ कॉलमना. प्रत्येक आयटमपुढे कॉलम नंबर आणि पान नंबर, त्यामुळे कोटेशन देणाऱ्यांना माप फुगवायला जागा उरली नाही. आणि मॅडमची फी ठोक रक्कम. पहिल्याची फी दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीवर होती, हे करारपत्राच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं. मी ते वाचून सही केली होती.

ॲडव्हान्सपैकी अजून एक रुपयाही परत आलेला नाही. कॉन्ट्रॅक्टर उलट परांचीचं भाडं मागतोय. वकिलांनी तक्रारीला पहिलं परिशिष्ट म्हणून ४१वं पान जोडलंय आणि त्याच्या मागे आमच्या जिन्याचा फोटो.