‘तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या’ इथंच २६,७९९ रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत अकरा वर्षं काढलीत. रोज दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेतो. आणि मलाच एका बाईनं पाच दिवसांत २६,७९९ रुपयांना गंडवलं. घरात बायकोला आणि उद्यमनगरातल्या एका दोस्ताला सोडून कुणाला माहीत नाही. लाज वाटत्या. तरी लिहितोय, कारण ‘नोकरीसाठी पैसे भरू नका’ हे सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. पण माझं नुकसान पैसे भरायच्या दोन दिवस आधीच झालं होतं, आणि ते मला कळलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी एका नोकरीच्या पोर्टलवर मला मेसेज आला. चाकणची नावाजलेली ऑटो पार्ट्सची कंपनी, क्वालिटी इंजिनिअर, पगार ५२ हजार. मला इथं ३१,५०० मिळतात. प्रोफाइलवर फोटो, कंपनीचं नाव, सगळं व्यवस्थित. दुसऱ्याच ओळीत विचारणा: “इथं माझं चॅट नीट चालत नाही, पर्सनल व्हॉट्सॲप नंबर द्याल का?”

नंबर टाइप करून पाठवला, तर वर एक पिवळी पट्टी आली. पोर्टलचीच. संवाद इथंच ठेवा, वैयक्तिक नंबर देताना सावध राहा, अशा अर्थाचं काहीतरी. मी बोटानं ती बाजूला सारली. दोन सेकंदांचं काम. आजही रात्री झोप लागत नाही तेव्हा ती पिवळी पट्टीच डोळ्यांसमोर येते.

आता म्हणाल, इतकं स्पष्ट लिहून येत होतं तरी नंबर दिलासच कसा? तर ऐका. खरे एचआरवालेही व्हॉट्सॲपवर येतात. मागच्या वर्षी कागलच्या कंपनीत मुलाखतीला गेलो होतो, त्यांनी गेटचं लोकेशन व्हॉट्सॲपवरच पाठवलं होतं. शिवाय आमच्या कंपनीचे दोघं-तिघं त्याच पोर्टलवर आहेत, मी बाहेर बघतोय हे मालकाच्या कानावर जाईल अशी भीती होतीच. व्हॉट्सॲपवर बोललेलं बरं, असं मलाच वाटलं. त्यामुळं नुसतं व्हॉट्सॲपवर येणं म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की कागलवाल्यांनी लोकेशन व्हॉट्सॲपवर टाकलं, पण मुलाखतीचं पत्र कंपनीच्या मेलवरून आलं होतं. या बाईचं सगळंच व्हॉट्सॲपवर.

बुधवारी फोनवर मुलाखत झाली. पस्तीस मिनिटं. पीपीएपी म्हणजे काय, सीएमएमचा रिपोर्ट कसा वाचता, ग्राहकाची तक्रार आली की आधी काय करता, सगळं विचारलं. उत्तर चुकलं तिथं मध्येच टोकलं सुद्धा. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा, सांगा! आता कळतं, माझा सगळा बायोडेटा पोर्टलवर होता. त्यातलेच शब्द उचलून प्रश्न केले होते.

त्याच रात्री चॅटच्या मधोमध एक बारकी करडी ओळ आली: मेसेज २४ तासांनी आपोआप जातील, अशी सेटिंग समोरून चालू केली आहे. मी विचारलं. उत्तर, “कंपनीची गोपनीयतेची पॉलिसी आहे सर.” आणि मी ‘ओके मॅडम’ लिहिलं. ओके मॅडम! अरे, नोकरी द्यायला निघालेली कंपनी स्वतःच्याच लिखापढीचा कागद दर चोवीस तासांनी का जाळेल? फाउंड्रीत ब्लो होल, म्हणजे ओतीव धातूतली हवेची पोकळी, आतमध्ये असतो, वरून दिसत नाही म्हणून मशीनिंगला सापडतो. हा तर वरच होता, उघडा.

बायकोनं तेव्हाच म्हटलं होतं, “अहो, कंपनीच्या नंबरवर एक फोन लावून विचारा की.” मी म्हटलं, मोठ्या कंपनीत असा फोन करत नसतात, बावळट वाटतं. तरी समाधानासाठी मॅडमना लिहिलं, मेलवर पाठवा. मेल आला. लोगो, सही, सगळं. पत्त्यात @ च्या पुढं कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग ‘करिअर्स’. मी एवढंच बघितलं की कंपनीचं नाव आहे. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवलं नाही. त्या दोन्हींत फरक होता. नावामागं रेघ ओढून नवा पत्ता घ्यायला कुणीही घेऊ शकतो, वर्षाला काही शेकड्यांत मिळतो. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरनं घ्यायचा आणि आपण तिथं लिहायचं. त्यांनी पाठवलेल्या मेलला उत्तर देऊन खात्री होत नाही, ते उत्तर परत त्यांच्याकडंच जातं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, लांबवत नाही. गुरुवारी ऑफर लेटर आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे १,४९९. शुक्रवारी मेडिकल आणि गेट पासचे ६,८००. शनिवारी सकाळी ११.४० ला ट्रेनिंगचं डिपॉझिट १८,५००, पहिल्या पगारात परत. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव कुठल्यातरी जनरल स्टोअरचं दिसत होतं. विचारलं तर, “आमच्या व्हेंडरचं खातं आहे.” शनिवारी संध्याकाळी डिपॉझिट परत मिळण्याची ‘प्रोसेस’ म्हणून आणखी ९,२५० मागितले तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं. दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, “लेका, नोकरी पैसे मागती व्हय कधी?” ते भरले नाहीत, हीच काय ती माझी हुशारी.

शनिवारची रात्र लाजेत गेली. ही दुसरी चूक. रविवारी दुपारी बाराला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. तिथं घेतलं नीट लिहून. कुठल्या खात्यातून, किती वाजता, आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. तो आकडा फोन करायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा, मी फोन कानाला लावून ॲपमध्ये शोधत बसलो होतो. हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, काल लगेच केला असता तर बरं झालं असतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात, जिथं सापडतील तिथं अडवता येतात. माझे ४,३१२ रुपये कुठल्यातरी खात्यात अडकवलेत. बाकीचे निघून गेले.

मग cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करायला बसलो आणि पुराव्याचा रकाना आला. व्हॉट्सॲप उघडतो तर काय, बुधवारची रात्र, गुरुवार, शुक्रवार साफ. शनिवारचा उरला होता तो माझ्या डोळ्यांदेखत गेला. बॅकअपमधून आणायचा प्रयत्न केला, तरी ते मेसेज परत येत नाहीत. उरलं काय, तर पैशाच्या तीन पावत्या, फोनमध्ये आपोआप उतरलेलं ऑफर लेटर आणि तो एक मेल. पैसे कशासाठी मागितले, परत देऊ म्हणाल्या, व्हेंडरचं खातं म्हणाल्या, त्याचा एक शब्द माझ्याकडं नाही. पोर्टलवर गेलो तर ते प्रोफाइल बंद. माझ्या इनबॉक्समध्ये तीन ओळी शिल्लक: त्यांचा नमस्कार, त्यांची नंबरची मागणी, माझा नंबर.

पोर्टलला तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर, की आमच्या प्लॅटफॉर्मबाहेर झालेल्या संवादावर आम्ही कारवाई करू शकत नाही. बरोबरच आहे हो त्यांचं! पाच दिवस मी तिथंच बोललो असतो, तर ती ‘१,४९९ भरा’ची ओळ त्यांच्याच सर्व्हरवर पडली असती, मी पुसली तरी. त्यासाठीच तर तिला मला तिथून बाहेर काढायचं होतं. चॅट नीट चालत नव्हतं म्हणे.

आणि आता आपली यंत्रणा. सोमवारी अर्धी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बाकड्यावर बसवून म्हणाले, सायबरचं आहे, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. मंगळवारी पुन्हा. तिथं एका हवालदारानं विचारलं, “ती बाई त्या कंपनीची म्हणून बोलत होती, याला पुरावा काय?” आणि वर, “शिकलेला माणूस तुम्ही, असं कसं केलंत?” अहो, हे मी स्वतःला रोज विचारतोय, त्यासाठी ठाण्यात कशाला येऊ? २६,७९९ लहान रक्कम असेल साहेबांना, माझा महिन्याचा पगार त्यापेक्षा थोडाच जास्त आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवतील त्यांना सांगा, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. मी हे वाक्य कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठं बुधवारी अर्जावर शिक्का बसला. तोही अर्जावर. गुन्हा अजून नाही.

बँकेत तर आणखी गंमत. “पिन तुम्हीच टाकलाय ना?” संपलं. तुमच्या नकळत पैसे गेले तर नियम वेगळे, स्वतःच्या हातानं पाठवले तर बँक हात वर करते. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, तेही सांगणार नाहीत. त्या जनरल स्टोअरवाल्याची गोपनीयता, माझी नाही.

शेवटी, बायकोनं सांगितलेला तो फोन मी आठ दिवसांनी केला. चाकणच्या कंपनीच्या बोर्डावरच्या नंबरवर. अडीच मिनिटं लागली. अशी जागाच नाही, अशी बाईही नाही, आणि आम्ही उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही असं आमच्या वेबसाइटवर लिहिलंय.

गेल्या आठवड्यात हातकणंगले भागातल्या एका कंपनीकडनं विचारणा आली, त्यांनीही व्हॉट्सॲप नंबर मागितला. मी पोर्टलवरच लिहिलं, “मेसेज इथं टाका किंवा कंपनीच्या मेलवरून पाठवा, मी लगेच उत्तर देतो.” कुणाला राग आला नाही. तासाभरात कंपनीच्या पत्त्यावरून मेल आला, पत्ता वेबसाइटशी जुळवला. एवढंच तर लिहायचं होतं त्या मंगळवारी.

अडकलेले ४,३१२ सोडवायच्या मागं आहे. कोल्हापूर-सांगलीकडं कुणाला चाकण, क्वालिटी, ५२ हजार असा मेसेज आला असेल आणि पैसे जनरल स्टोअरच्या नावावर गेले असतील, तर पोर्टलवरचं चॅट पुसू नका. व्हॉट्सॲप आत्ता उघडून सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, वर नंबर दिसेल असे. मग तक्रार करा. माझ्या एकट्याची रक्कम त्यांना लहान वाटत्या, चारजणांची मिळून वाटणार नाही.