कार्बोनेट की हायड्रॉक्साइड? रावेर-यावलच्या बोअरच्या पाण्यासाठी कोणते इल्युएंट?

केळीपट्ट्यातल्या बोअरचा एक नमुना समोर ठेवू: क्लोराइड ३००, नायट्रेट ७०, सल्फेट २० आणि बायकार्बोनेट ४५० मिग्रॅ/लि. आयएस १०५०० प्रमाणे नायट्रेटची मर्यादा ४५, म्हणजे नमुना नापास होणारच. तरी आयन क्रोमॅटोग्राफवर खरी अडचण सल्फेटची येते, आणि इल्युएंटची निवड तिथेच ठरते.

हायड्रॉक्साइडमध्ये नमुन्यातल्या बायकार्बोनेटचा कार्बोनेट होतो आणि त्याचा पीक बहुधा सल्फेटच्या अगदी आधी येतो. नमुना दहापट पातळ केला तरी २ मिग्रॅ/लि सल्फेट त्या कार्बोनेटच्या शेपटीवर बसते. इल्युएंट सौम्य करून सुटका होत नाही. तीव्रता २० टक्क्यांनी घटवली तर नायट्रेटचे रिटेन्शन साधारण २५ टक्के आणि सल्फेटचे ५६ टक्के वाढते खरे, पण कार्बोनेटही द्विभारी असल्याने तोही सल्फेटबरोबरच मागे सरकतो. उपाय म्हणजे नमुना हायड्रोजन-रूपातल्या कार्ट्रिजमधून काढून नायट्रोजन फुंकणे. प्रत्येक नमुन्यामागे एवढे काम वाढते.

कार्बोनेट इल्युएंटमध्ये हा तिढाच नाही, कारण नमुन्यातला बायकार्बोनेट इल्युएंटमध्येच मिसळून जातो. कार्बोनेट इल्युएंटसाठीच्या काही कॉलमवर लिटरमागे ३३९ मिग्रॅ सोडियम कार्बोनेट आणि ८४ मिग्रॅ सोडियम बायकार्बोनेट हे नेहमीचे मिश्रण, ०.७ मिली/मिनिट प्रवाहाला सल्फेट शेवटी, मोकळे येते. बदल्यात बेसलाइन वर राहते, त्यामुळे ब्रोमेटसारखे मायक्रोग्रॅममधले घटक शोधायचे असतील तर हायड्रॉक्साइडच बरा. नुसते हे तीन आयन मोजायचे असतील तर त्याचा खर्च पटत नाही. शिवाय हाताने बनवलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पीक हळूहळू लवकर येऊ लागतात.

एक अडचण मात्र दोन्हीकडे आहे: मोठ्या नायट्रेटच्या पायथ्याशी, त्याच्या आधी, ब्रोमाइडचा खांदा. तो आहे की नाही हे कंडक्टिव्हिटी सांगत नाही. यूव्ही डिटेक्टर असेल तर २२५ नॅनोमीटरजवळ नायट्रेट ठळक दिसते, ब्रोमाइड जवळपास दिसतच नाही. नसेल तर तोच नमुना पाचपट आणि दहापट पातळ करून चालवा. गुणून आलेले आकडे जुळले नाहीत, तर पीक मिसळले आहेत किंवा बेसलाइन चुकीची ओढली गेली आहे. मग थोडे ब्रोमाइड मुद्दाम घाला: खांदा वाढला तर तो ब्रोमाइडचाच.

क्लोराइड फार जास्त असेल तर त्याच्या शेपटीत नायट्राइट बुडते. चांदीच्या कार्ट्रिजने क्लोराइड काढता येते, मात्र ब्रोमाइडही जाते; क्लोराइडचा आकडा मूळ नमुन्यातूनच घ्यायचा.

आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला ओव्हन फक्त तापवणारा असेल तर ३० अंशांची सेटिंग टिकत नाही. खोली गार करा, नाहीतर कॉलमला चालत असेल तर ४० अंशांवर सेट करून त्याच तापमानाला पुन्हा कॅलिब्रेशन घ्या.