परतीच्या बोलीवर विक्री की कन्साइनमेंट?

समजा, दुकानात १०० नग पाठवले आणि ६० खपले.

परतीच्या बोलीवर विक्री असेल, तर माल निघतानाच १०० नगांचं बिल होतं. उरलेले ४० परत आले की त्यांची रक्कम बिलातून वजा करणारी क्रेडिट नोट काढायची. तोवर दुकानदाराकडचं येणं उगाच फुगलेलं दिसतं.

कन्साइनमेंटमध्ये माल नुसत्या डिलिव्हरी चलनावर जातो, मालकी आपलीच राहते. विक्रीचा अहवाल आला की फक्त ६० नगांचं बिल करायचं. बाकीचे परतीच्या चलनावर येतात. क्रेडिट नोटचा प्रश्नच नाही.

खरी कटकट मोजणीत. चाळीसऐवजी ३७च परत आले, तर उरलेले ३ विकले गेले की हरवले? तुटीचंही बिल लागेल, हे करारातच लिहून घ्यावं. अहवाल वेळेवर न देणाऱ्या दुकानदाराला मी तरी कन्साइनमेंटवर माल देणार नाही.