सव्वा वर्ष एसआयपी चालवल्यावरचा अनुभव, आणि एक्झिट लोड नक्की कशावर बसतो

मी गोव्यात डिचोलीला राहते, नोकरी कुंडईला. जून 2024 मधे एका फ्लेक्सीकॅप म्युच्युअल फंडात, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, महिना 3000 ची एसआयपी, म्हणजे दर महिन्याचा ठरावीक हप्ता, सुरू केली, ऑगस्ट 2025 मधे त्याला सव्वा वर्ष होत आलं. फंडाचं नाव देत नाही कारण मला कुठला फंड घ्या ते सांगायचं नाहीये, आणि नफा किती झाला ते पण नाही, तो बाजारावर आहे. मला सांगायचंय ते पैसे काढायच्या वेळी काय होतं ते. घालताना सगळेच समजावून सांगतात, काढतानाचं कोणी नीट सांगत नाही, आणि आमच्याकडे तर पैसे लागतात ते गणेश चवथीच्या तोंडावरच.

बँकेत ज्यांनी फॉर्म भरून घेतला त्यांनी सांगितलं, एक वर्ष थांबा मॅडम, मग कधीही काढा, काही कापत नाहीत. हे वाक्य लमसमला लागू आहे, म्हणजे एकदम एकरकमी पैसे घातले असतील तर. एसआयपीला ते तसं लागू होत नाही, आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

आपल्याला सवय आरडीची. आरडी म्हणजे एक खातं, एक सुरुवात, एक मुदत, शेवटचा हप्ता कधी भरला याला महत्त्व नाही, मुदत सगळ्यांची एकदमच संपते. एसआयपीत तसं नाही. दर महिन्याला जे 3000 जातात त्याचे त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, युनिट मिळतात आणि त्या युनिटचं वय त्या दिवसापासून मोजायला लागतात. जूनचे युनिट वेगळे, जुलैचे वेगळे. माझ्या फंडात 365 दिवसांच्या आत काढलं तर 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याबद्दलची कपात, आहे (बऱ्याच इक्विटी म्हणजे शेअरमधे पैसे घालणाऱ्या फंडांत असंच असतं, पण सगळ्यांत नाही, काही इंडेक्स फंडांत काहीच नसतो, फॅक्टशीटवर लिहिलेलं असतं ते बघायचं). तर हे 365 दिवस एसआयपी सुरू केल्यापासून मोजत नाहीत, प्रत्येक हप्त्याचे वेगळे मोजतात. म्हणजे एसआयपी चालू आहे तोवर शेवटचे साधारण बारा हप्ते कायम लोडमधेच असतात, मग एसआयपी पाच वर्षं जुनी असली तरी. ईएलएसएसमधे, म्हणजे टॅक्स वाचवायच्या इक्विटी फंडात, लोड नाही पण 3 वर्षांचं लॉक-इन आहे आणि ते पण असंच प्रत्येक हप्त्याला वेगळं, पहिला हप्ता सुटला म्हणून सगळे सुटत नाहीत.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगते. 2025 मधे चवथ 27 ऑगस्टला होती. वाड्यावरच्या घराला रंग काढायचा ठरला, आमचा वाटा 18,000 आला. फंडात तोपर्यंत पंधरा हप्ते गेलेले, म्हणजे 45,000 मूळ रक्कम. ॲपवर वर मोठ्या अक्षरात एकच आकडा दिसतो, सगळ्याची आजची किंमत, आणि खाली पैसे काढायचं बटण. त्यातले किती युनिट लोडमधून सुटलेत ते माझ्या ॲपवर कुठेच नाही, हे मला अजिबात पटत नाही, कारण काढणाऱ्या माणसाला पहिली गरज त्याच आकड्याची असते. म्हणून अकाउंट स्टेटमेंट डाउनलोड करून तारखा लावल्या. स्टेटमेंटमधे प्रत्येक हप्त्याची एक ओळ असते, तारीख, रक्कम, एनएव्ही, युनिट (रक्कम 3000 नाही, 2999.85 दिसते, ते 15 पैसे स्टँप ड्युटीचे, 0.005 टक्के, 2020 पासून लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही).

14 ऑगस्टला काढायचं धरलं तर जून 2024, जुलै 2024 आणि ऑगस्ट 2024 हे तीन हप्ते वर्षाच्या वर गेलेले. ऑगस्टचा हप्ता बघण्यासारखा आहे. माझी तारीख 10, पण 10 ऑगस्ट 2024 ला शनिवार, बाजार बंद, म्हणून युनिट मिळाले सोमवारी 12 तारखेला. मोजायची ती ही 12 तारीख, आपण ठरवलेली 10 नाही. ज्यांचा हिशोब एक-दोन दिवसांवर येतो त्यांनी हे नक्की बघा.

आकडे समजायला सोपे करून लिहिते, प्रत्यक्षात दर महिन्याचा भाव वेगळा असतो. समजा पहिल्या तीन हप्त्यांना भाव 50 होता, म्हणजे दर हप्त्याला 60 युनिट, तिन्ही मिळून 180. त्यापुढच्या हप्त्यांना भाव 48. काढायच्या दिवशी भाव 54. म्हणजे 180 सुटलेल्या युनिटची किंमत 9,720 रुपये. मला हवेत 18,000, म्हणजे आणखी 8,280 लोडमधल्या युनिटमधून जाणार. कुठले युनिट विकायचे ते आपण निवडत नाही, जे आधी घेतले तेच आधी जातात, त्यामुळे सुटलेले आपोआप पहिले निघतात, हे आपल्या सोयीचंच आहे.

त्या 8,280 वर 1 टक्का म्हणजे 82 रुपये 80 पैसे लोड. नीट बघा, लोड नफ्यावर नाही, विकलेल्या पूर्ण किमतीवर आहे. नुकसानीत काढलं तरी लागतो. आणि तो वेगळं बिल म्हणून येत नाही, तेवढे पैसे कमी जमा होतात एवढंच. हे पैसे फंड कंपनीच्या खिशात जात नाहीत बरं का, परत त्याच स्कीममधे जमा होतात, म्हणजे जे थांबलेत त्यांच्याकडे. मला हे योग्य वाटतं.

83 रुपये म्हणजे काही मोठी गोष्ट नाही असं कोणी म्हणेल, पण तीच तारीख टॅक्सला पण लागते आणि तिथे जास्त जातात. इक्विटी फंडात 12 महिन्यांच्या आतला नफा शॉर्ट टर्म, त्यावर 20 टक्के, 23 जुलै 2024 पासून हा दर आहे. 12 महिन्यांच्या वरचा लाँग टर्म, त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्याच्या पुढे साडेबारा टक्के. वरच्या उदाहरणात सुटलेल्या 180 युनिटवर 720 रुपये नफा, टॅक्स शून्य. लोडमधल्या साधारण 153 युनिटवर युनिटमागे 6 रुपये, म्हणजे 920 च्या आसपास नफा, लोड वजा केला तर 837, त्याचे 20 टक्के म्हणजे 167 रुपये, वर सेस. लोड आणि टॅक्स मिळून अडीचशेच्या आसपास, आणि हा सगळा खर्च त्या 8,280 चाच आहे, 9,720 वर एक पैसा नाही.

म्हणून मी काय केलं, सुटलेले युनिट तेवढेच काढले आणि बाकीचे पैसे सेव्हिंगमधून घातले, तिथे पडूनच होते. काढताना रुपयात आकडा टाकू नका, युनिटचा पर्याय असतो तो घ्या आणि सुटलेल्या युनिटचा आकडा टाका. रुपयात टाकलं तर त्या दिवशीचा भाव रात्री कळतो, तो खाली आला तर तेवढे रुपये भरून काढायला लोडमधले दोन-चार युनिट जास्त जातात. दुपारी तीनच्या आत रिक्वेस्ट गेली तर त्याच दिवशीचा भाव, नंतर गेली तर पुढच्या कामाच्या दिवसाचा. पैसे इक्विटी फंडात साधारण दोन कामाच्या दिवसांनी येतात, 14 तारखेला गुरुवार होता, शुक्रवारी 15 ऑगस्ट, मग शनिवार-रविवार, म्हणजे मंगळवारी 19 ला. रंगाऱ्याला ॲडव्हान्स द्यायचा असेल तर हे धरून चाला, आज काढले नि उद्या हातात असं होत नाही.

आणखी एक, एसआयपी थांबवणं आणि पैसे काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवली म्हणून लोड लागत नाही, आतले युनिट तसेच राहतात, त्यांचं वय वाढत राहतं. आमच्या ऑफिसात एकीला वाटत होतं की हप्ता बंद केला की आरडीसारखं खातं मोडतं आणि दंड बसतो, म्हणून ती ओढाताण करून भरत होती. तसं काही नाही.

लमसमचं त्या मानाने सरळ. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आत्तेभावाचे काजूचे पैसे मे मधे एकदम येतात, पगार नाही, तर त्याला महिन्याची एसआयपी जमतच नाही. त्याने एकदम घातले तर सगळ्या युनिटची तारीख एक, पुढच्या मे नंतर सगळे एकदम सुटतात, हिशोब नको. पण सगळा पैसा त्या एका दिवशीच्या भावाला अडकतो, तो दिवस महाग निघाला तर निघाला. त्याने मधला मार्ग धरला, पैसे लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या कमी जोखमीच्या फंडात, ठेवले आणि तिथून महिन्याला ठरावीक रक्कम इक्विटी फंडात जाते, त्याला एसटीपी म्हणतात. लिक्विड फंडात लोड फक्त पहिले सहा दिवस, तोही अगदी नगण्य, सातव्या दिवसापासून नाही. मात्र इक्विटीत पोचलेल्या प्रत्येक रकमेची तारीख परत वेगळी, तिथे एसआयपीचाच नियम.

आता एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा वर्षाचा खर्च. लोड एकदाच आणि तोही लवकर काढलं तरच, एक्सपेन्स रेशो मात्र रोज, काढा नाहीतर ठेवा. स्टेटमेंटमधे त्याची ओळ कुठेच दिसत नाही, कारण जो भाव जाहीर होतो तो हा खर्च वजा करूनच. माझा रेग्युलर प्लॅन, म्हणजे बँकेमार्फत घेतलेला, समजा त्याचा रेशो 1.8 टक्के आणि त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे मधे कोणी नसताना घेतलेल्याचा, 0.8. 45,000 वर फरक वर्षाला 450 रुपये. म्हणजे वरचा 83 रुपयांचा लोड वाचवायला आपण तारखा लावत बसतो आणि हे 450 दरवर्षी न दिसता जातात, रक्कम वाढेल तसे वाढत जातात. तो फरक मुख्यतः विकणाऱ्याचं कमिशन आहे. कोणी खरंच बसून सल्ला देत असेल, बाजार पडल्यावर फोन उचलत असेल, तर त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. माझ्या बाबतीत फॉर्म भरल्यानंतर कोणी फोन केला नाही.

तर मग डायरेक्टमधे स्विच करावं का? इथेही तीच तारीख आड येते. स्विच म्हणजे कायद्याने विक्री आणि नवीन खरेदी, त्यामुळे टॅक्स लागतो, आणि वर्षाच्या आतल्या युनिटवर लोडही लागू शकतो, वर नवीन युनिटचे 365 दिवस पहिल्यापासून सुरू. म्हणून मी जुन्यांना हात लावला नाही. रेग्युलरची एसआयपी बंद केली, त्याच फंडाच्या डायरेक्टमधे नवीन सुरू केली, आणि जुने युनिट जसे वर्षाचे होतील तसे हलवणार आहे, ऑगस्ट 2026 च्या मध्यावर शेवटचा हप्ता सुटतो. फॉर्मवर डायरेक्ट हा शब्द स्कीमच्या नावातच असतो, पहिला हप्ता जायच्या आधी तेवढं वाचून घ्या.